वादळात पत्रे उडाले, गाद्या भिजल्या: विम्याच्या क्लेमचे पत्र कसे लिहावे?

प्रश्न: सोलापुरात माझे लॉजिंग-बोर्डिंग आहे. परवा संध्याकाळच्या वादळात वरच्या मजल्यावरचे निम्म्याच्या आसपास पत्रे उडाले. हॉलचे फॉल्स सीलिंग कोसळले, सहा खोल्यांतल्या गाद्या, पडदे आणि हॉलमधली टेबले भिजली. विमा कंपनीला फोन केला आहे, सर्व्हेअर उद्या येणार आहे. फॅब्रिकेटरने सगळ्या छताचे ७,६०,००० चे कोटेशन दिले आहे. एजंट म्हणतो, "अवकाळी पावसाने नुकसान झाले" एवढे लिहून कोटेशन आणि फोटो जोडा. भंगारवाला पत्रे मागतोय. पत्र नेमके कसे लिहू?

उत्तर:

सगळ्यात आधी भंगारवाल्याला थांबवा. पत्रे, वाकलेले लोखंड, भिजलेल्या गाद्या, सीलिंगचे तुकडे, काहीही आवाराबाहेर जाऊ देऊ नका. ते का, हे पुढे सांगतो.

मी परवानाधारक सर्व्हेअर म्हणून बरीच वर्षे आगीचे आणि वादळाचे क्लेम तपासले. त्यातले कितीतरी क्लेम खरे असूनही कापले गेले, आणि कारण बहुतेक वेळा पत्रातल्या एका वाक्यात असायचे. एजंटने सांगितलेले वाक्य त्याच जातीचे आहे. ते लिहू नका.

तुमच्या पॉलिसीत कोणत्या संकटांपासून संरक्षण आहे ते उघडून बघा. फायर पॉलिसीत वादळ, झंझावात, पूर आणि पाणी तुंबून शिरणे ही नावे सापडतील. नुसता 'पाऊस' सापडणार नाही. पाऊस छतातून आत येणे म्हणजे गळती, आणि गळती ही देखभालीची बाब धरली जाते. "अवकाळी पावसाने गाद्या भिजल्या" असे लिहिले की कंपनीचा पहिला प्रश्न येतो, पाणी आत कुठून आले? त्याचे उत्तर पत्रात नसेल तर ते सर्व्हेअर स्वतः शोधतो, आणि त्याला जुना गंज किंवा जुना डाग दिसला तर तेच उत्तर ठरते.

खरा क्रम वेगळा आहे आणि तो कुठल्याही सोलापूरकराला तोंडपाठ आहे. मे महिन्यातला वळीव आधी धुळीचे लोट आणतो, मग सोसाट्याचा वारा सुटतो आणि पाऊस त्याच्या मागून येतो. वाऱ्याने पत्रे उचलले, छताला भगदाड पडले, त्या भगदाडातून पाणी आत आले, पाण्याने सीलिंग फुगून खाली आले आणि ते गाद्या-टेबलांवर पडले. हा क्रम पत्रात जसाच्या तसा, शक्य तितक्या वेळांसह आला पाहिजे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीमुळे घडली हे वाचणाऱ्याला दिसले, की भिजलेली गादीसुद्धा वादळाचेच नुकसान ठरते.

वेळा कुठून मिळतील? तुमच्या हॉटेलात सीसीटीव्ही असणारच. त्याचा डीव्हीआर जुने चित्रण काही दिवसांत आपोआप पुसतो, म्हणून आज रात्रीच त्या संध्याकाळचे दोन तास पेनड्राइव्हवर काढून घ्या. डीव्हीआरचे घड्याळ मागेपुढे असेल तर किती मिनिटांचा फरक आहे ते कागदावर टिपून ठेवा. वीज किती वाजता गेली, कोणत्या खोलीत कोण पाहुणे होते, त्यांना खाली कधी आणले, हे रजिस्टरवरून आणि नोकरांना विचारून लिहा. हवामान खात्याची वेधशाळा सोलापुरात आहे. त्या दिवसाच्या नोंदी रीतसर अर्ज करून, शुल्क भरून मिळवता येतात. मात्र वळवाचा वारा एखाद्या पट्ट्यातच धिंगाणा घालतो आणि वेधशाळेच्या नोंदीत तो सौम्य दिसू शकतो. म्हणून शेजारच्या दुकानाचे उडालेले पत्रे, रस्त्यावर आडवे झालेले झाड, दुसऱ्या दिवशीच्या स्थानिक दैनिकातली बातमी, हेही जमवा. वाऱ्याचा वेग मात्र स्वतःच्या मनाने लिहू नका. "ताशी ९० किलोमीटर" असे लिहिले आणि नोंदीत ४० निघाले, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरही शंका येते.

आता छताकडे. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, खालून आणि कडेने उचलतो. म्हणून वळचणीकडचे, कोपऱ्यातले आणि अढ्याजवळचे पत्रे आधी सुटतात. सर्व्हेअर शिडीवर चढून जे-हुकाची किंवा स्क्रूची भोके बघतो. भोक लांबट फाटलेले आणि कडेचा धातू चकचकीत असेल तर ते ताजे फाटलेले. भोकाभोवती तांबूस गंज पसरलेला असेल आणि वॉशर कधीच गळून गेला असेल तर तो पत्रा आधीपासूनच सैल होता. सीलिंगवर पिवळट, कड्याकड्यांचा डाग असेल तर तो जुन्या गळतीचा. एकसारखा ओलसर, फुगलेला भाग नवा. तुमच्याकडे असे जुने डाग काही ठिकाणी असतील तर लपवू नका. "खोली क्र. २०४ च्या कोपऱ्यातला जुना डाग या क्लेममध्ये धरलेला नाही" ही एक ओळ लिहा. ती लिहिणाऱ्या माणसाच्या उरलेल्या यादीवर सर्व्हेअर लवकर विश्वास ठेवतो, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून अनुभवलेले आहे.

फोटोंबद्दल. ताडपत्री टाकण्याआधीचे फोटो तुमच्याकडे असतील अशी आशा आहे. ताडपत्री टाकली असेल तर योग्यच केलेत, कारण नुकसान वाढू न देणे ही तुमची जबाबदारी आहे आणि तिचे बिल क्लेममध्ये दाखवता येते. उरलेले फोटो आज काढा. प्रत्येक वस्तूचे तीन फोटो काढा. पहिला लांबून, ज्यात ती खोली किंवा छताची ती बाजू ओळखू येईल. दुसरा मधून, ज्यात वस्तू पूर्ण दिसेल. तिसरा अगदी जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. शिवाय पुठ्ठ्यावर मार्करने क्रमांक लिहून तो प्रत्येक फोटोत ठेवा. पत्रे म्हणजे १, पत्र्यांखालचे लोखंडी पर्लिन २, सीलिंग ३, गाद्या ४, असे. हाच क्रमांक पत्रातल्या यादीत आणि हाच कोटेशनमध्ये. वीस फोटो क्रमांकासह दिलेत तर ते दोनशे विस्कळीत फोटोंपेक्षा जास्त काम करतात, कारण सर्व्हेअरला अहवाल लिहिताना फोटो आणि रक्कम शेजारी ठेवावी लागते.

हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखे पाठवले की ते आक्रसतात आणि कधी, कुठे काढले याची आतली माहिती निघून जाते. ईमेलने मूळ फाइल पाठवा, आणि एक पेनड्राइव्ह सर्व्हेअरला देऊन पोच घ्या.

आणखी एक पुरावा मालक लोक नेहमी विसरतात, तो म्हणजे वादळाआधीचे फोटो. तुमच्या हॉलमध्ये गेल्या काही महिन्यांत साखरपुडे, बारशी झाली असतील. त्या यजमानांकडे फोटो आहेत आणि त्यात मागे तुमचे सीलिंग, पडदे, टेबले दिसतात. बुकिंगच्या अ‍ॅपवर तुम्ही स्वतः टाकलेले खोल्यांचे फोटो आहेत. अक्कलकोटला, तुळजापूरला जाणाऱ्या पाहुण्यांनी अभिप्रायासोबत टाकलेले फोटो आहेत. सीलिंग आधी धड होते हे याहून चांगले कोण सांगणार?

आता कोटेशन. ७,६०,००० चा कागद आहे तसा जोडू नका. त्यात दोन अडचणी आहेत. एक, त्यात सगळ्या छताचे पत्रे धरले आहेत आणि उडाले निम्म्याच्या आसपास. दोन, अशा कोटेशनमध्ये फॅब्रिकेटर सहसा आधीपेक्षा जाड पत्रा सुचवतो. विमा होते तसे करून देतो, होते त्याहून चांगले करून देत नाही. ०.३५ मिलिमीटरच्या जागी ०.५० चा पत्रा तुम्ही जरूर टाका, मी तर टाकाच म्हणेन, पण वरचा फरक तुमच्या खिशातला. तेव्हा फॅब्रिकेटरला परत बोलवा आणि दोन कोटेशन मागा. पहिले फक्त नुकसान झालेल्या भागाचे, आधीच्याच जाडीचे, हे क्लेमसाठी. दुसरे तुम्हाला प्रत्यक्ष करायचे त्या कामाचे, हे तुमच्याजवळ. पहिल्यात मोजमाप, दर, मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे लिहिलेले हवे, लेटरहेडवर, तारीख आणि सहीसह. "छताचे काम एकूण" अशी एकच रक्कम असली की सर्व्हेअरला ती तपासताच येत नाही, आणि जे तपासता येत नाही ते तो स्वतःच्या दराने धरतो. जमल्यास त्याच मोजमापाचे दुसऱ्या फॅब्रिकेटरचेही कोटेशन घ्या.

जीएसटीबद्दल एवढेच, की ज्या खरेदीवर तुम्ही इनपुट टॅक्स क्रेडिट घेता तिचा कर विम्यातून मिळत नाही. घेत नसाल तर कर क्लेममध्ये धरा आणि सीएचे तसे पत्र जोडा.

आता प्रत्यक्ष पत्र. मी तुमच्या माहितीवरून मजकूर मांडतो. मोजमापे, दर आणि वेळा मी उदाहरणादाखल घातल्या आहेत, तुमच्या खऱ्या घाला. दर जीएसटी धरून आहेत असे समजा.

दि. ………
प्रति,
शाखा व्यवस्थापक, (विमा कंपनीचे नाव व शाखा)

विषय: पॉलिसी क्र. ……… अंतर्गत वादळामुळे झालेल्या नुकसानीचा क्लेम. क्लेम क्र. ………

महोदय,

वरील पॉलिसीने विमा उतरवलेल्या आमच्या सोलापूर येथील हॉटेलचे दि. ……… रोजी वादळाने नुकसान झाले. त्याची सूचना त्याच रात्री ……… वाजता फोनवर दिली आहे.

त्या दिवशी सायंकाळी सुमारे ५.४० वाजता धुळीसह जोराचा वारा सुटला. ५.५० च्या सुमारास दुसऱ्या मजल्याच्या पश्चिमेकडील वळचणीचे पत्रे उचकटले आणि पाठोपाठ अढ्यापर्यंतचे पत्रे उडाले. त्यांपैकी काही आमच्या आवारात आणि काही मागच्या मोकळ्या जागेत पडले. त्यानंतर सुमारे १० मिनिटांनी पाऊस सुरू झाला. छत उघडे पडल्याने पाणी हॉलमध्ये आणि खोली क्र. २०१ ते २०६ मध्ये आले. ६.३० च्या सुमारास हॉलचे जिप्समचे फॉल्स सीलिंग पाण्याच्या वजनाने कोसळले. या वेळांचे सीसीटीव्ही चित्रण सोबत आहे. कोणालाही इजा झाली नाही.

आम्ही त्याच रात्री वरच्या मजल्याची वीज बंद केली, कोरडे सामान खाली हलवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढून झाल्यावर ताडपत्री टाकली. नुकसान झालेली प्रत्येक वस्तू पाहणीसाठी आवारात ठेवली आहे.

नुकसानीचा तपशील, इमारत:
१. रंगीत पत्रे, ०.३५ मि.मी., १,४०० चौ. फूट, दर १२० रुपये: १,६८,०००
२. वाकलेले पर्लिन, १८० किलो, दर ९५ रुपये: १७,१००
३. जिप्सम फॉल्स सीलिंग, ९०० चौ. फूट, दर ७५ रुपये: ६७,५००

फर्निचर व सजावट:
४. डबल बेडच्या गाद्या, ६, खरेदी २०२१, आजची किंमत प्रत्येकी १२,००० रुपये: ७२,०००
५. पडदे, १२ खिडक्यांचे, प्रत्येकी २,५०० रुपये: ३०,०००
६. प्लायवूडची टेबले, १०, प्रत्येकी ४,५०० रुपये: ४५,०००

७. ताडपत्री व मजुरी, बिलाप्रमाणे: ८,४००

एकूण: ४,०८,०००

छताचा उरलेला भाग सुस्थितीत असल्याने तो क्लेममध्ये धरलेला नाही. खोली क्र. २०४ मधील जुना डागही धरलेला नाही. सोबतचे फोटो आणि कोटेशन वरील क्रमांकांनुसार आहेत. दुरुस्ती सुरू करण्यास संमती मिळावी. छत उघडे असल्याने पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण होणे गरजेचे आहे. पाहणीत आणखी नुकसान आढळल्यास त्याची पुरवणी यादी देण्याचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवत आहोत.

आपला, (सही, शिक्का)

सोबत: पॉलिसीची प्रत, क्रमांकित फोटो, चित्रणाचा पेनड्राइव्ह, कोटेशन, गाद्या-टेबलांची खरेदी बिले, मालमत्ता नोंदवहीचा उतारा, बातमीचे कात्रण.

पत्र मराठीत चालते. फक्त वस्तूची नावे बिलात आहेत तीच वापरा. बिलात 'मॅट्रेस' आणि पत्रात 'गादी' असेल तर दोन्ही शब्द लिहा. प्रत हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि तीच ईमेलनेही पाठवा. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत नुकसानीनंतर १५ दिवसांत असा लेखी तपशील द्यावा लागतो. फोनवरची सूचना त्याची जागा घेत नाही. तुमच्या पॉलिसीतला अवधी बघा आणि कोटेशनला वेळ लागत असेल तर मुदतवाढ लेखी मागा.

"पुरवणी यादी" ही ओळ मी मुद्दाम घातली आहे. भिजलेले वायरिंग, एसी, टीव्ही लगेच बिघडतीलच असे नाही. आठवड्याने स्विचबोर्डमध्ये शॉर्ट झाला तर मागणीची जागा मोकळी हवी.

काय लिहायचे नाही तेही सांगतो. लग्नसराईतली रद्द झालेली बुकिंगे या पत्रात घालू नका. धंद्याच्या नुकसानीची वेगळी पॉलिसी असते. ती घेतलेली नसेल तर ती रक्कम मिळत नाही, आणि इथे लिहून एकूण आकडा फुगलेला मात्र दिसतो. उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या गाडीवर पडला असेल तर तेही या क्लेमचे काम नाही.

आता ४,०८,००० पैकी हातात किती येतील ते समजून घ्या, म्हणजे सर्व्हेअरशी बोलताना गोंधळ होणार नाही.

पडद्यांपासून सुरू करू. तो म्हणेल, नुसते पावसाचे पाणी लागलेले पडदे धुतले की चालतात. ते बरोबर आहे. प्रत्येकी ४०० रुपये धुलाई धरली तर ३०,००० च्या जागी ४,८०० होतात, म्हणजे २५,२०० कमी. मात्र जिप्समचा चिखल बसून कापड डागाळले असेल तर एक पडदा आजच धुवून बघा. डाग गेला नाही तर तो धुतलेला पडदाच तुमचा पुरावा.

गाद्यांचा प्रश्न वेगळा. पॉलिसी 'रीइन्स्टेटमेंट व्हॅल्यू' पद्धतीची असेल तर आजची नवी किंमत मिळते, पण गाद्या खरोखर नव्या घेऊन बिल दाखवल्यावर. 'मार्केट व्हॅल्यू' असेल तर वापराची घट वजा होते. २०२१ ची गादी, आयुष्य ८ वर्षे धरले, ४ वर्षे वापरली, तर निम्मी किंमत, म्हणजे ७२,००० चे ३६,०००. ही पद्धत शेड्यूलमध्ये लिहिलेली असते. ती आज रात्री शोधून ठेवा. रीइन्स्टेटमेंट असूनही तुम्ही नवे घेतलेच नाही, तर हिशेब घट धरूनच होतो.

मग भंगार. म्हणूनच मी आधी भंगारवाल्याला थांबवायला सांगितले. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका लॉजच्या मालकाने दुसऱ्याच दिवशी वाकलेले पत्रे विकले आणि आठवड्यात नवे छत चढवले. मी पाहणीला गेलो तेव्हा वर चकचकीत पत्रे होते आणि किती उडाले होते हे सांगायला एक फाटलेला तुकडाही नव्हता. फोटोतून मोजता आले तेवढेच क्षेत्र मला धरता आले. माणूस खरे बोलत होता याबद्दल मला आजही शंका नाही, पण अहवालात मला वाटण्याला जागा नसते. तुमचे पत्रे समजा ४८० किलो भरले आणि पर्लिन १८०, तर ६६० किलो गुणिले २८ रुपये, म्हणजे १८,४८० एवढे भंगाराचे मूल्य वजा होईल आणि माल तुमच्याकडेच राहील. वजन सर्व्हेअरसमोर किंवा त्याला सांगून काट्यावर करा. अंदाजे वजन धरले की सहसा जास्तच धरले जाते.

पॉलिसी रीइन्स्टेटमेंटची धरली, तर ४,०८,००० मधून पडद्यांचे २५,२०० आणि भंगाराचे १८,४८० गेले, उरले ३,६४,३२०. यातून पॉलिसीतली अनिवार्य वजावट जाते. ती काही पॉलिसींत ठरावीक रक्कम असते, काहींत क्लेमच्या ५ टक्के. ५ टक्के धरले तर १८,२१६ जाऊन ३,४६,१०४ उरतात. सगळे नीट मांडले तर एवढ्याची अपेक्षा ठेवा.

यात एक मोठा धोका राहिला, तो म्हणजे कमी रकमेचा विमा. इमारत आज पुन्हा बांधायला १ कोटी लागणार असतील आणि विमा ७० लाखांचाच असेल, तर कंपनी इमारतीच्या नुकसानीचे ७० टक्केच देते. इमारतीचे २,५२,६०० मधून भंगार जाऊन २,३४,१२० राहतात, त्याचे ७० टक्के १,६३,८८४. सत्तर हजारांहून जास्त रक्कम इथेच जाते, आणि पत्र कितीही चांगले लिहिले तरी ती परत येत नाही. २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी आलेल्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट सोडून देतात. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती लागू होते, तुमची तीच आहे का बघा. दुसरे म्हणजे, वरचा पत्र्याचा मजला विमा घेतल्यानंतर चढवलेला असेल आणि कंपनीला कळवलेला नसेल, तर हा प्रश्न उद्या निघणारच. बांधकामाची तारीख विचारली तर खरी सांगा. मालमत्ता कराच्या पावत्या आणि मंजूर नकाशा त्यांना सहज बघता येतो, आणि खोटे विधान सापडले तर सगळाच क्लेम जातो.

हॉटेलवर कर्ज असेल आणि पॉलिसीत बँकेचे नाव असेल तर पैसे बँकेच्या संमतीनेच सुटतात. शाखेला उद्याच या पत्राची एक प्रत द्या, नाहीतर रक्कम मंजूर होऊनही महिनाभर अडकते.

उद्याच्या पाहणीसाठी पक्की शिडी आणि ती धरायला दोन माणसे ठेवा. फॅब्रिकेटरला हजर ठेवा, म्हणजे मोजमाप तिथल्या तिथे जुळेल. सर्व्हेअर टेपने मोजत असताना तुम्हीही वहीत तेच आकडे लिहा आणि शेवटी त्याच्याशी पडताळून घ्या. तो एखादी वस्तू धरणार नाही म्हणाला तर वाद घालू नका, कारण विचारून टिपून ठेवा आणि दोन दिवसांत त्यावर लेखी म्हणणे पाठवा. आणखी कोणते कागद हवेत ते त्याच्याकडून एकदाच, ईमेलवर मागून घ्या.

पुढे रक्कम पटली नाही तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर घाईने सही करू नका. आधी सर्व्हे अहवालाची प्रत मागा, मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. तिथे ३० दिवसांत समाधान झाले नाही, आणि हॉटेल तुमच्या एकट्याच्या मालकीचे किंवा सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेले असेल, तर विमा लोकपालांकडे जाता येते. सोलापूरसाठी ते कार्यालय पुण्यात आहे आणि तिथे फी लागत नाही.